लॅन केबलला प्लग मारताना: रंगांचा बी क्रम, क्रिंपिंग आणि टेस्टरचे लाइट नीट वाचणं

स्ट्रेट केबल म्हणजे दोन्ही टोकांना रंग सारखे, एवढंच बहुतेकांना माहीत असतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. रंग सारखे लावले, टेस्टरवर एक ते आठ सगळे लाइट ओळीने लागले, केबल भिंतीतून ओढून झाली, वर पीओपी पण झालं, आणि मग कळतं की ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर स्पीड ९४ च्या वर जातच नाहीये, किंवा कॅमेरा दर थोड्या वेळाने ऑफलाइन होतोय. मग राऊटर बदला, कस्टमर केअरला फोन करा, असं सगळं चालू होतं आणि खरं कारण त्या प्लगच्या आत असतं.

म्हणून इथे एकच काम धरूया, नीट. दुमजली घर, खाली हॉलमध्ये राऊटर, वर बेडरूममध्ये दुसरा राऊटर, मधे २० मीटर कॅट सिक्स केबल, आणि दोन्ही टोकांना ५६८बी ह्या रंगांच्या क्रमाने प्लग. सीसीटीव्हीची केबल असेल तरी पायऱ्या ह्याच.

## १. सुरुवात करायच्या आधी: केबल आणि प्लग जुळतायत का ते बघा

हा भाग लोक सगळ्यात जास्त टाळतात. दुकानात "आरजे-४५ द्या" म्हटलं की पुडीभर प्लग हातात येतात, पण सगळे सारखे नसतात.

कॅट सिक्सच्या आतल्या वायरी कॅट फाइव्ह-ई पेक्षा साधारणपणे जाड असतात, आणि त्यांच्यावरचं प्लास्टिकही जाड असतं. कॅट फाइव्ह-ईच्या प्लगमध्ये त्या वायरी कोंबल्या की एखादी मधेच अडकते, टोकापर्यंत पोचत नाही, आणि बाहेरून बघताना ते लक्षातही येत नाही. त्यामुळे कॅट सिक्स केबलला कॅट सिक्सचाच प्लग घ्या. त्यातल्या बऱ्याच प्लगसोबत एक छोटी पारदर्शक पट्टी वेगळी येते, वायरी आधी त्या पट्टीत ओवायच्या आणि मग पट्टीसकट प्लगमध्ये सरकवायच्या. ती पट्टी पॅकिंगबरोबर टाकून देऊ नका, तिच्याशिवाय त्या प्लगमध्ये वायरी जागेवर बसत नाहीत.

दुसरं, आरपार प्लग. ह्यात पुढच्या बाजूला भोकं असतात, वायरी थेट बाहेर येतात आणि टूल क्रिंप करताना त्या कापून टाकतं. नवीन माणसासाठी हा प्लग खरंच सोपा, कारण रंगांचा क्रम बाहेर आलेल्या टोकांवर स्पष्ट दिसतो. पण त्याला कापायचं पातं असलेलं आरपारवालंच क्रिंपिंग टूल लागतं. साध्या टूलने दाबून मग ब्लेडने टोकं कापायला गेलं की तांब्याचे बारीक तुकडे पुढे राहतात, शेजारच्या वायरीला टेकतात आणि शॉर्ट होतं.

तिसरं, केबल खरी तांब्याची आहे का. एका वायरीचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर आहे. अशी वायर वाकवताना लवकर तुटते, रेझिस्टन्स जास्त असतो, आणि केबलमधूनच कॅमेऱ्याला करंट द्यायचा असेल तर लांब अंतरावर व्होल्टेज पडतं. टेस्टरवर ती अगदी पास होते, म्हणून ही तपासणी विकत घेतानाच करायची असते.

सामान एवढंच लागतं: क्रिंपिंग टूल, साल काढायचा छोटा स्ट्रिपर, चांगली कात्री किंवा कटर, प्लग (लागणार असतील दोन, तर घ्या सहा, कारण एकदा दाबलेला प्लग परत वापरता येत नाही), दोन्ही टोकांना प्लगच्या मागे बसणारे रबरी बूट आणि दोन भागांचा टेस्टर. टूलमध्ये दोन खाचे असू शकतात, टेलिफोनच्या प्लगसाठी लहान आणि लॅनसाठी मोठा आठ पिनांचा. मोठाच वापरायचा.

थांबा आणि बघा: टेस्टरमध्ये नवीन बॅटरी आहे का? बऱ्याच टेस्टरमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. आधी एखादी कंपनीत बनलेली, चालू असलेली पॅच केबल लावून बघा, आठही लाइट दोन्हीकडे ओळीने लागले पाहिजेत. टेस्टरच नीट नसेल तर पुढे सगळा वेळ वाया जाणार.

## २. क्रम पाठ करू नका, समजून घ्या

५६८बीचा क्रम, पिन १ पासून:

१. पांढरी-केशरी
२. केशरी
३. पांढरी-हिरवी
४. निळी
५. पांढरी-निळी
६. हिरवी
७. पांढरी-चॉकलेटी
८. चॉकलेटी

आता हे बघा. केशरीची जोडी शेजारी शेजारी, चॉकलेटीची जोडी शेजारी शेजारी, निळीची पण शेजारी शेजारी (फक्त निळी आधी आणि पांढरी-निळी नंतर, म्हणजे उलटी), आणि हिरवीची जोडी मात्र लांब लांब, एक ३ वर आणि एक ६ वर, मधे निळी जोडी बसलेली. लोक चुकतात ते नेमकं इथे. हाताला सवय अशी असते की पांढरी-हिरवी लावली की पुढे हिरवी, मग पांढरी-निळी, मग निळी. दिसायला छान दिसतं पण चूक आहे.

का चूक, ते एकदा कळलं की परत चुकत नाही. केबलमधल्या दोन वायरी एकमेकींभोवती पीळ घालून येतात, आणि तो पीळच बाहेरून आणि शेजारच्या जोडीतून सिग्नलला होणारा अडथळा मारतो. नेटवर्क कार्ड एक सिग्नल १ आणि २ वर पाठवतं, दुसरा ३ आणि ६ वर, तिसरा ४-५ वर आणि चौथा ७-८ वर. म्हणजे ३ आणि ६ वर एकाच पिळातल्या दोन वायरी हव्यातच. हिरवी ४ वर टाकली आणि निळी ६ वर, की एका सिग्नलची एक वायर हिरव्या पिळात आणि दुसरी निळ्या पिळात जाते, पीळ असून नसल्यासारखा होतो आणि दोन सिग्नल एकमेकांत मिसळायला लागतात. ह्याला फुटलेली जोडी म्हणूया, कारण पुढे टेस्टरच्या भागात हाच मुद्दा परत लागणार आहे.

५६८ए म्हणून दुसरा क्रम आहे, त्यात केशरी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल असते. तोही बरोबरच आहे. घरात आधी कुणी ए लावला असेल, भिंतीतल्या सॉकेटवर ए लिहिलं असेल, तर दुसऱ्या टोकाला पण एच लावा. नवीन काम असेल तर सगळीकडे बी, आणि एका घरात दोन्ही मिसळू नका.

इशारा: एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तर ती क्रॉस केबल होते. आताचे बहुतेक राऊटर आणि स्विच ते आपोआप सांभाळून घेतात म्हणून चालतेही, पण नंतर कुणी तीच केबल टेस्ट केली की गोंधळात पडतो. चालतंय म्हणून तसंच ठेवू नका.

## ३. साल काढणं

आधी बूट केबलमध्ये ओवून मागे सरकवा. हे आत्ताच, कारण प्लग दाबल्यावर बूट आत जात नाही आणि मग नवा प्लग तरी मारायला लागतो नाहीतर बूट तरी सोडून द्यायला लागतो.

केबलचं टोक सरळ कापा. खेचाखेचीत टोकाला पहिल्या काही इंचात वायरी ताणलेल्या, चेपलेल्या असतात, त्यामुळे भिंतीतून ओढलेली केबल असेल तर टोकाचा वीतभर भाग सरळ कापून टाका, जास्तीची लांबी ठेवलेली असतेच (नसेल ठेवली तर पुढच्या वेळी ठेवा, प्रत्येक टोकाला हातभर तरी).

बाहेरचं साल साधारण ३ सेंटीमीटर काढायचं. स्ट्रिपर एकदाच गोल फिरवा, हलक्या हाताने, आणि मग केबल वाकवून साल तिथे तोडा. पातं आरपार जाईपर्यंत फिरवायचं नाही. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आतल्या एखाद्या वायरीला बारीक चीर पडते, तेव्हा दिसत नाही, आणि नंतर कधीतरी वाकवल्यावर ती वायर तिथेच तुटते.

साल निघालं की आतमध्ये एक दोरा दिसेल, तो कापा. कॅट सिक्समध्ये मधे प्लास्टिकची अधिक चिन्हासारखी पट्टी असू शकते, जोड्या वेगळ्या ठेवायला. तीही सालाच्या कडेपाशी मुळातून कापा. ती थोडी जरी पुढे राहिली तर साल प्लगमध्ये आत जात नाही.

थांबा आणि बघा: आठही वायरी एकेक करून हलकेच वाकवा, सालाच्या कडेजवळ कुठे चीर दिसते का, आतलं तांबं चमकतं का ते बघा. एकावर जरी दिसलं तर टोक कापून परत सुरुवात. ही दोन मिनिटं वाचवायच्या नादात नंतर अर्धा दिवस जातो.

## ४. पीळ सोडणं आणि ओळीत लावणं

आता घाईने चारही जोड्यांचे पीळ एकदम सोडू नका. पांढऱ्या वायरींवरचा रंगाचा पट्टा स्वस्तातल्या केबलवर इतका फिका असतो की सगळे पीळ सुटले की चार पांढऱ्या वायरींतली कुठली कुणाची तेच कळत नाही, विशेषतः ट्यूबलाइटच्या उजेडात. एका वेळी एक जोडी सोडा. केशरीची सोडली, पांढरी-केशरी डावीकडे, केशरी तिच्या उजवीकडे, अंगठ्याखाली धरली. मग हिरवीची सोडा, पांढरी-हिरवी केशरीच्या शेजारी, आणि हिरवी बाजूला मोकळी ठेवा. मग निळी जोडी, निळी आणि मग पांढरी-निळी. आता ती बाजूला ठेवलेली हिरवी निळीच्या वरून आणून सहाव्या जागी. शेवटी चॉकलेटीची जोडी. ह्या क्रमाने केलं की हिरवी चुकीच्या ठिकाणी जायला जागाच राहत नाही.

ओळ झाली की अंगठा आणि पहिल्या बोटात सगळ्या वायरी चपट्या धरा, आणि सालापासून टोकाकडे दोन चार वेळा ओढत सरळ करा, थोडं डावी-उजवीकडे हलवत. वायरींना पिळाची वाकणं राहिली तर प्लगच्या खाचांमध्ये त्या एकमेकींवर चढतात.

आता कापायचं. सालाच्या कडेपासून साधारण १२ ते १३ मिलीमीटर ठेवा, बाकी एका फटक्यात, एकदम सरळ कापा. कापताना चिमूट सोडू नका. तिरकं कापलं तर एका बाजूच्या वायरी टोकाला पोचतात आणि दुसऱ्या बाजूच्या पोचत नाहीत.

ही लांबी का महत्त्वाची, तर दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. जास्त ठेवली तर साल प्लगच्या बाहेर राहतं, सुट्या वायरी दिसतात, केबल ओढली की ताण थेट त्या बारीक वायरींवर येतो. शिवाय पीळ सुटलेला भाग १३ मिलीमीटरपेक्षा जास्त नको, तेवढ्याच भागात सिग्नल एकमेकांत मिसळतात. आणि कमी ठेवली तर वायरी पुढच्या भिंतीपर्यंत पोचतच नाहीत.

आरपार प्लग असेल तर मात्र वायरी लांबच राहू द्या, सरळ कापायचीही गरज नाही, उलट थोड्या तिरक्या कापल्या तर भोकातून एकेक करून सोप्या जातात. साल आत नीट बसलं की मग पुढे आलेल्या टोकांना पक्कडीने जरा ओढून घ्या.

## ५. प्लगमध्ये सरकवणं

प्लग असा धरा: क्लिप तुमच्यापासून लांबच्या बाजूला, म्हणजे खाली, सोनेरी पिना वर तुमच्याकडे, आणि वायर घालायचं तोंड तुमच्या पोटाकडे. आता सगळ्यात डावीकडची पिन म्हणजे पिन १. पांढरी-केशरी तिथे जाणार.

क्लिप वर ठेवून घातलं की अख्खा क्रम उलटा होतो, चॉकलेटी १ वर. दोन्ही टोकांना एकसारखंच उलटं घातलं तर केबल चालेल सुद्धा, कारण ३-६ आणि ४-५ च्या जोड्या जागेवरच येतात आणि १-२ व ७-८ ची नुसती अदलाबदल होते, पण नंतर एक टोक दुसऱ्या कुणी बदललं की घोळ. म्हणून दर वेळी एकाच पद्धतीने धरायची सवय लावा.

वायरी ओळीतच धरून हळूच सरकवा, वायरी खालच्या भिंतीला घासत जाऊ द्या म्हणजे त्या आपापल्या खाचेत जातात. मग साल धरून ढकला, वायरी धरून नाही. साल प्लगच्या आत साधारण ५-६ मिलीमीटर जायला हवं, आत जी प्लास्टिकची पाचर दिसते ना, जी दाबल्यावर खाली बसते, तिच्या खाली साल आलंच पाहिजे.

थांबा आणि बघा (हे कधीही सोडू नका): दाबायच्या आधी तीन ठिकाणी बघायचं. समोरून बघा, मोबाइलचा टॉर्च लावा, आठ तांब्याचे ठिपके समोरच्या भिंतीला टेकलेले दिसले पाहिजेत. वरून बघा, चौथ्या जागी निळी आणि सहाव्या जागी हिरवी. खालून बघा, साल पाचरीच्या खाली. तिन्ही बरोबर असेल तरच पुढे. आत्ता बाहेर काढून परत घालायला काही खर्च नाही, दाबल्यावर प्लग गेला.

## ६. क्रिंप करणं

प्लग टूलच्या मोठ्या खाचेत पूर्ण आत, टक्कन बसेपर्यंत. एका हाताने केबल आतल्या दिशेने थोडी दाबून धरा, नाहीतर दाब येताना वायरी मिलीमीटरभर मागे येतात आणि नेमक्या तेवढ्यानेच पिन चुकते. मग हँडल पूर्ण दाबा. रॅचेटवालं टूल असेल तर पूर्ण दाब झाल्याशिवाय ते सुटतच नाही, म्हणून शक्य असेल तर तेच घ्या. साधं टूल असेल तर दोनदा दाबा, कारण अर्धवट दाबलेला प्लग हीच सगळ्यात त्रासदायक चूक, टेस्टरवर आज पास होतो आणि पावसाळा गेल्यावर हवा बदलली की लिंक पडायला लागते.

आत काय होतं तर प्रत्येक सोनेरी पिनेचे दात वायरीवरचं प्लास्टिक भेदून तांब्याला लागतात आणि त्याच वेळी मागची पाचर सालावर बसते. म्हणून वायरींची टोकं सोलायची नसतात. हे लिहायचं कारण, काही जण खरंच आठही टोकं सोलतात.

थांबा आणि बघा: पिना प्लास्टिकच्या भिंतींच्या पातळीपेक्षा किंचित आत गेल्यात का, आणि सगळ्या एका पातळीत आहेत का ते आडवं धरून बघा. एखादी वर उठलेली असेल तर परत दाबा. अशा वर आलेल्या पिनेचा प्लग राऊटरमध्ये घालू नका, तो पोर्टच्या आतल्या तारा कायमच्या वाकवू शकतो, आणि मग केबलच्या जागी राऊटर बदलायला लागतो. नंतर केबल आणि प्लग धरून हलकासा ताण द्या, साल हललं नाही पाहिजे.

दुसऱ्या टोकाला हेच सगळं, त्याच क्रमाने.

## ७. टेस्टर लावायच्या आधी

इशारा: केबलची दोन्ही टोकं राऊटर, स्विच, कॅमेरा सगळ्यांपासून सोडवलेली हवीत. केबलमधून करंट देणाऱ्या स्विचला किंवा ॲडॉप्टरला एक टोक लावलेलं असताना दुसऱ्या टोकाला टेस्टर लावला तर टेस्टर जळू शकतो. सीसीटीव्हीच्या कामात हे फार होतं, कारण स्विच वर माळ्यावर असतो आणि कुणाच्या लक्षात राहत नाही.

मोठा भाग एका टोकाला, छोटा भाग दुसऱ्या टोकाला. प्लग टक् आवाज येईपर्यंत घाला. मोठ्या भागावर दोन वेग असतील तर हळू वेग लावा.

आता महत्त्वाची गोष्ट. मोठ्या भागावरचे लाइट बघून काही ठरवू नका, तो स्वतःच्या क्रमाने १ ते ८ फिरतच असतो. उत्तर छोट्या भागावर असतं. म्हणून खाली एकाने आणि वर एकाने थांबायचं, आणि वरच्याने फोनवर आकडे ओळीने वाचायचे. "सगळे लागतायत रे दादा" हे उत्तर चालत नाही, "एक, दोन, तीन, सहा, पाच, चार, सात, आठ" असं वाचून घ्या आणि कागदावर लिहा. एकटेच असाल तर छोट्या भागाचा मोबाइलवर व्हिडिओ काढत ठेवा.

जी असं लिहिलेला नववा लाइट साध्या केबलला लागत नाही. तो फक्त धातूचं कवच असलेल्या केबलला आणि तशाच धातूच्या प्लगला लागतो. त्यामुळे तो लागला नाही म्हणून प्लग कापू नका.

## ८. लाइट वाचणं

छोट्या भागावर १-२-३-४-५-६-७-८ असं ओळीने आलं तर वायरी जागेवर आहेत.

एक लाइट लागतच नाही, समजा ८. म्हणजे चॉकलेटी वायर कुठेतरी तुटलीये किंवा पिनेला लागली नाहीये. आधी दोन्ही प्लग समोरून टॉर्चने बघा, कुठल्या प्लगमध्ये आठवा ठिपका आत राहिलाय. दिसला तर तोच कापायचा. दोन्ही ठीक दिसले तर दोन्ही प्लग टूलमध्ये घालून एकदा परत जोरात दाबा आणि टेस्ट करा. बऱ्याचदा तेवढ्यानेच होतं. अशी केबल तशीच लावली तर बहुतेक वेळा चालते, कारण १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६ लागतात, पण गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही वायरी लागतात. ३०० चा प्लॅन आणि स्पीड टेस्ट ९४ ला अडकलेली, असं दिसलं की सगळ्यात आधी ४, ५, ७, ८ वर संशय घ्या.

दोन लाइट छोट्या भागावर एकत्र गायब किंवा दोन्ही मंद, आणि मोठ्या भागावर सगळं नेहमीसारखं, म्हणजे बहुतेक त्या दोन वायरी एकमेकींना टेकल्यात. आरपार प्लग असेल तर पुढची कापलेली टोकं बघा.

छोट्या भागावर ३-६-१-४-५-२-७-८ आलं म्हणजे एका टोकाला ए आणि एका टोकाला बी. आणि ८ पासून १ कडे उलटं आलं म्हणजे एका टोकाला प्लग उलटा धरून वायरी घातल्यात.

इशारा: लाइट लागत असताना दोन्ही प्लगच्या मागे केबल थोडी हलवून बघा. हलवताना एखादा लाइट जातो येतो, तर तो प्लग गेला समजा, जसा आहे तसा पास धरू नका.

## ९. टेस्टर जे सांगत नाही

आता त्या २० मीटरच्या केबलवर येऊ. समजा वरून वाचून घेतलं आणि आलं १-२-३-६-५-४-७-८. म्हणजे ४ आणि ६ ची अदलाबदल. वायर कुठे तुटलेली नाही, सगळे लाइट लागतायत, फक्त एका टोकाला हिरवी चौथ्या जागी गेलीये आणि निळी सहाव्या. तीच सवयीची चूक, पांढरी-हिरवी नंतर लगेच हिरवी.

इथे दोन वाटा असतात. खालच्या प्लगमध्ये चूक आहे आणि वरचा प्लग बरोबर आहे. पण खालचा प्लग सोफ्यामागे आहे आणि वरचा हाताशी आहे, म्हणून कुणीतरी वरचा कापतो आणि खालच्यासारखाच करतो, पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-चॉकलेटी, चॉकलेटी. दोन्ही टोकं सारखी झाली. टेस्टर लावला, १ ते ८ ओळीने. सगळे खूश. आणि केबल मात्र आता आधीपेक्षा वाईट जागी अडकली, कारण चूक होती ती दोन्हीकडे झाली आणि टेस्टर आता काही बोलणार नाही.

टेस्टर एकच प्रश्न विचारतो, इकडची ४ तिकडच्या ४ ला लागलीये का. ४ च्या जोडीला कुठली वायर पीळ घालून चालतेय हे त्याला कळायला मार्ग नाही. वर सांगितलेली फुटलेली जोडी हीच. अशी केबल दोन मीटरची असेल तर कदाचित वर्षानुवर्षं चालेल. २० मीटरला गिगाबिट धरत नाही, कधी १०० वर येते, कधी लिंक सुटते आणि परत लागते, फाइल कॉपी करताना स्पीड वर खाली होतो. फुटलेली जोडी ओळखणारे महाग टेस्टर असतात, पण घरी डोळे पुरतात: प्लग पारदर्शक आहे, क्लिप खाली धरा, डावीकडून मोजा, ४ आणि ५ वर निळ्याची जोडी आणि ६ वर हिरवी. हे दोन्ही टोकांना दिसलं पाहिजे.

म्हणून अदलाबदल दिसली की नियम असा: कुठलाही प्लग कापायच्या आधी दोन्ही प्लग वरच्या यादीशी ताडून बघा, आणि जो यादीशी जुळत नाही तोच कापा, तो सोफ्यामागे असला तरी. दुसऱ्या टोकाशी जुळवून घेऊ नका.

## १०. शेवटची तपासणी, लॅपटॉप लावून

टेस्टर पास झाला आणि रंगही डोळ्यांनी जुळले की केबलचं खालचं टोक राऊटरमध्ये आणि वरचं थेट लॅपटॉपला लावा, मधे दुसरा राऊटर नको. वाय-फाय बंद करा, नाहीतर आकडे वाय-फायचेच दिसतील. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून:

```
Get-NetAdapter
```

इथे LinkSpeed खाली 1 Gbps दिसायला हवं, अर्थात राऊटरचा पोर्ट आणि लॅपटॉपचा पोर्ट दोन्ही गिगाबिटचे असतील तर. स्वस्त राऊटरचे पोर्ट १०० चेच असतात, तेव्हा केबलला दोष देऊ नका, आधी राऊटरची माहिती बघा. दोन्ही गिगाबिटचे असून 100 Mbps दिसलं तर परत आठव्या आणि नवव्या भागाकडे.

मग राऊटरला पिंग, तुमच्या राऊटरचा पत्ता घालून:

```
ping -n 200 -l 1400 192.168.1.1
```

शेवटी Lost = 0 यायला पाहिजे. हे चालू असताना दोन्ही प्लगजवळ केबल हलवा, बोटाने दाबा. वायर लावलेली असताना राऊटरपर्यंतच्या २० मीटरमध्ये डेटाचं पाकीट हरवायचं कारण नसतं, दोन चार जरी हरवली तर प्लग परत मारा. आधी ज्या टोकाला हलवल्यावर हरवली ते टोक.

सगळं ठीक आलं की मगच बूट पुढे ओढा, केबल क्लिपांमध्ये बसवा, फार घट्ट टाय लावू नका आणि कोपऱ्यात काटकोनात मोडू नका, केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचा तरी गोल वळसा ठेवा. गच्चीवरून किंवा खिडकीतून बाहेरची केबल आत येत असेल तर आत शिरायच्या आधी खाली एक झोळ सोडा म्हणजे पावसाचं पाणी तिथून गळून जाईल, प्लगपर्यंत येणार नाही. आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्यावर लिहा: बी, २० मीटर, तारीख. पुढच्या माणसाला एक टोक बदलायचं झालं तर त्याने अंदाजाने ए लावू नये एवढ्यासाठी.